कॅसकोडमध्ये गेन तेवढाच राहतो, मग दुसरा ट्रान्झिस्टर कशासाठी?

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत हा गोंधळ नेहमी होतो. आधी एका ट्रान्झिस्टरचा साधा कॉमन-एमिटर ॲम्प्लिफायर बांधायचा, मग त्याच्यावर दुसरा ट्रान्झिस्टर चढवून कॅसकोड बांधायचा आणि दोन्हींची तुलना करायची. पुस्तकात लिहिलेलं असतं की कॅसकोड सरस. प्रत्यक्षात स्कोपवर दोन्हींचा गेन सारखाच दिसतो आणि पुष्कळदा बँडविड्थसुद्धा जवळपास तेवढीच येते. मग जर्नलमध्ये पुस्तकातलं वाक्य उतरवून मुलं पुढच्या प्रयोगाकडे वळतात. हे मला मनापासून खटकतं, कारण फरक नक्की कुठून येतो आणि कुठे लपतो, हे एकदा आकडे घेऊन पाहिलं की हा विषय फार स्वच्छ कळतो. म्हणून इथे एकच सर्किट घेऊन शेवटपर्यंत जाऊ.

## आधी साधी कॉमन-एमिटर स्टेज

बीसी५४७ हा ट्रान्झिस्टर घेऊ. सप्लाय १२ व्होल्ट, कलेक्टरमधून वाहणारा करंट १ मिलिअँपिअर, कलेक्टरला ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. एमिटरखाली १ किलोओहम आणि त्याला समांतर मोठा कपॅसिटर, म्हणजे सिग्नलच्या दृष्टीने एमिटर जमिनीलाच टेकलेला. इनपुट बेसवर, आउटपुट कलेक्टरवर.

गेन म्हणजे आउटपुटचा सिग्नल इनपुटच्या किती पट, एवढंच. १ मिलिअँपिअरला ट्रान्झिस्टरच्या एमिटरमध्ये जणू २५ ओहमचा एक अंतर्गत रेझिस्टन्स असतो आणि गेन म्हणजे कलेक्टरचा रेझिस्टर भागिले हे २५ ओहम. ४७०० भागिले २५ म्हणजे १८८. सिग्नल उलटा होतो, म्हणजे बेस वर गेला की कलेक्टर खाली येतो. हे उलटं होणं लक्षात ठेवा, पुढची सगळी अडचण त्यातूनच निघते.

बँडविड्थ म्हणजे हा गेन किती फ्रिक्वेन्सीपर्यंत टिकतो. फ्रिक्वेन्सी वाढवत नेली की एका टप्प्यानंतर गेन उतरू लागतो. तो मूळच्या साधारण ७१ टक्क्यांवर आला, की तिथे बँडविड्थ संपली असं धरतात. गेन उतरतो तो कपॅसिटन्समुळे. प्रत्येक ट्रान्झिस्टरमध्ये, कुणी न लावलेले, दोन छोटे कपॅसिटर असतातच. एक बेस आणि एमिटरच्या मध्ये. आपल्या सर्किटसाठी तो ४० पिकोफॅरड धरू. दुसरा बेस आणि कलेक्टरच्या मध्ये, तो जेमतेम ३ पिकोफॅरड. आकडे पाहून कुणीही म्हणेल की त्रास ४०वाला देणार. प्रत्यक्षात ३वाला देतो.

## तीन पिकोफॅरडचे साडेपाचशेच्या वर कसे जातात

एक इलॅस्टिकचा तुकडा दोन्ही हातांत धरा. डावा हात एक सेंटिमीटर बाहेर ओढला तर इलॅस्टिक एक सेंटिमीटर ताणलं जातं, फारसा जोर लागत नाही. आता समजा, डावा हात एक सेंटिमीटर हलला की उजवा हात आपोआप उलट दिशेला १८८ सेंटिमीटर जातो. इलॅस्टिक १८९ सेंटिमीटर ताणलं गेलं. डाव्या हाताने तर एकच सेंटिमीटर अंतर कापलं, पण त्याला ओढ जाणवली १८९ पट. डाव्या हाताच्या दृष्टीने हे इलॅस्टिक १८९ पट राकट आहे.

बेस हा डावा हात, कलेक्टर उजवा, आणि मधला ३ पिकोफॅरडचा कपॅसिटर हे इलॅस्टिक. बेस एक मिलिव्होल्ट वर गेला की कलेक्टर १८८ मिलिव्होल्ट खाली जातो, कपॅसिटरवरचा दाब १८९ मिलिव्होल्टने बदलतो आणि तेवढा चार्ज बेसकडून, म्हणजे आपल्या सिग्नलच्या उगमाकडून पुरवावा लागतो. उगमाला वाटतं समोर ३ गुणिले १८९, म्हणजे ५६७ पिकोफॅरड लटकले आहेत. यालाच मिलर परिणाम म्हणतात. जॉन मिलर यांनी १९२० मध्ये अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्ससाठी व्हॅक्यूम ट्यूबवर काम करताना हे दाखवून दिलं. ट्रान्झिस्टर तेव्हा जन्मायचा होता, पण हिशोब तोच लागू पडतो.

```
Cin = Cbe + Cbc × (1 + A)
```

इथे `A` म्हणजे बेसपासून कलेक्टरपर्यंतचा गेन. आपल्या सर्किटमध्ये ४० अधिक ५६७, म्हणजे ६०७ पिकोफॅरड.

पण नुसत्या कपॅसिटन्सने सिग्नल बुडत नाही. तो भरण्याच्या वाटेत रेझिस्टन्स असावा लागतो. समजा आपला सिग्नल १ किलोओहमच्या उगमातून येतो आहे. ट्रान्झिस्टरच्या बेसचा स्वतःचा इनपुट रेझिस्टन्स सुमारे ५ किलोओहम. दोन्ही समांतर धरले तर ८३३ ओहम. बायसच्या रेझिस्टरांचा परिणाम सोपेपणासाठी सोडून देऊ. ८३३ ओहम गुणिले ६०७ पिकोफॅरड म्हणजे ५०६ नॅनोसेकंद. याला टाइम कॉन्स्टंट म्हणतात: त्या बिंदूला सिग्नलमागे धावायला लागणारा वेळ. कलेक्टरच्या बाजूला ४.७ किलोओहम आणि ३ पिकोफॅरडचे आणखी १४ नॅनोसेकंद. एकूण ५२०.

बँडविड्थ काढायची सोपी रीत अशी: १५९ ला नॅनोसेकंदांनी भागा, उत्तर मेगाहर्ट्झमध्ये मिळतं. १५९ भागिले ५२० म्हणजे ०.३०६ मेगाहर्ट्झ. तीनशे किलोहर्ट्झच्या जरा वर आपली स्टेज दमते. ज्या ट्रान्झिस्टरला शंभर मेगाहर्ट्झच्या पुढेही करंट वाढवता येतो, त्याची ही अवस्था एका ३ पिकोफॅरडने केलेली असते.

## कॅसकोड नेमकं काय करतं

आता पहिला ट्रान्झिस्टर तसाच ठेवा, पण त्याचा कलेक्टर ४.७ किलोओहमला न जोडता दुसऱ्या बीसी५४७च्या एमिटरला जोडा. दुसऱ्याच्या बेसवर स्थिर व्होल्टेज द्या आणि तिथून जमिनीला एक कपॅसिटर लावा, म्हणजे तो बेस सिग्नलसाठी हलणारच नाही. ४.७ किलोओहम आता दुसऱ्याच्या कलेक्टरला, आउटपुटही तिथूनच. दोन ट्रान्झिस्टर एकावर एक, करंट दोघांतून तोच.

‘तोच करंट’ हा सगळ्या मांडणीचा गाभा आहे. पहिल्या ट्रान्झिस्टरला आता लोड म्हणून ४७०० ओहम दिसत नाहीत, दुसऱ्याचा एमिटर दिसतो. दुसऱ्यातूनही १ मिलिअँपिअरच वाहतो, म्हणून त्याच्या एमिटरचा रेझिस्टन्सही २५ ओहम. मग पहिल्याचा व्होल्टेज गेन किती? २५ भागिले २५, म्हणजे १. करंट कितीही ठेवलात तरी दोन्ही आकडे बरोबरीने बदलतात आणि उत्तर १च्या आसपासच राहतं. त्यासाठी काही जुळवाजुळव करावी लागत नाही.

आता मिलरचा हिशोब पुन्हा करा: ४० अधिक ३ गुणिले २, म्हणजे ४६ पिकोफॅरड. ६०७ चे ४६. आपल्या इलॅस्टिकचा उजवा हात आता डाव्याएवढाच हलतो आहे.

दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर मात्र मोठ्याने हलतो, मग तिथे हाच त्रास होत नाही का? होत नाही. त्याच्या बेस-कलेक्टर कपॅसिटरचं एक टोक स्थिर बेसवर आहे. कलेक्टर कितीही हलला तरी ती हालचाल सिग्नलच्या उगमापर्यंत परतत नाही. ते ३ पिकोफॅरड फक्त आउटपुटला लटकलेले राहतात, एकपटच.

हिशोब पुरा करू. इनपुटला ८३३ ओहम गुणिले ४६ पिकोफॅरड, ३८ नॅनोसेकंद. मधल्या बिंदूला २५ ओहम आणि चाळीसेक पिकोफॅरड, म्हणजे जेमतेम १. आउटपुटला पूर्वीचेच १४. बेरीज ५३, आणि १५९ भागिले ५३ म्हणजे ३ मेगाहर्ट्झ. तीनशे किलोहर्ट्झवरून ३ मेगाहर्ट्झ, दहापट, आणि गेन कुठेही न सोडता. ही बेरजेची रीत थोडी कंजूष आहे. जिथे दोन-तीन टाइम कॉन्स्टंट एकमेकांच्या जवळपास असतात तिथे खरी बँडविड्थ हिशोबापेक्षा थोडी जास्तच निघते.

## मग गेन वाढतो असं का म्हणतात?

कारण एका वेगळ्या सर्किटमध्ये तो खरंच वाढतो, आणि दोन गोष्टींची सरमिसळ होते.

आपल्या सर्किटमध्ये लोड म्हणजे ४.७ किलोओहमचा रेझिस्टर. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरचा स्वतःचाही एक आउटपुट रेझिस्टन्स असतो, १ मिलिअँपिअरला ८० किलोओहमच्या घरात. तो ४.७ ला समांतर येतो आणि कॉमन-एमिटरचा गेन १८८ वरून १७८ पर्यंत उतरवतो. कॅसकोडचा आउटपुट रेझिस्टन्स याच्या कितीतरी पट, मेगाओहममध्ये असतो. तो जवळजवळ काहीच कमी करत नाही आणि गेन १८७च्या आसपास मिळतो. फरक पाच टक्क्यांचा. नेहमीच्या पाच टक्केवाल्या रेझिस्टरांच्या चुकीत तो हरवून जातो.

आयसीच्या आत मात्र कलेक्टरला रेझिस्टर नसतो, करंट सोर्स असतो, म्हणजे प्रचंड मोठ्या रेझिस्टरसारखा वागणारा दुसरा ट्रान्झिस्टर. तिथे गेन ठरवतो तो ट्रान्झिस्टरचा स्वतःचा आउटपुट रेझिस्टन्स. एकट्या स्टेजला ८० किलोओहम भागिले २५ ओहम, म्हणजे ३२०० वर थांबावं लागतं. कॅसकोड हे छत फार वर नेतं, अट एवढीच की वरचा करंट सोर्सही कॅसकोडच हवा, नाहीतर तोच गेनला अडवून धरतो. पण इथे आउटपुटचा रेझिस्टन्स एवढा वाढलेला असतो, की तिथला थोडासा कपॅसिटन्ससुद्धा मोठा टाइम कॉन्स्टंट बनवतो. गेन मिळतो, सरसकट बँडविड्थ मिळत नाही. म्हणजे रेझिस्टर लोडवर कॅसकोड बँडविड्थसाठी, करंट सोर्स लोडवर मुख्यतः गेनसाठी. दोन्ही फायदे पूर्णपणे एकाच वेळी मिळतील ही अपेक्षा ठेवू नये.

## कलेक्टरचा रेझिस्टरच कमी केला तर?

हा आक्षेप रास्त आहे. ४.७ किलोओहमच्या जागी ४७० ओहम लावले तर गेन १९ वर येतो, मिलरचे पिकोफॅरड ६० पर्यंत उतरतात आणि साधी कॉमन-एमिटर स्टेजसुद्धा १.९ मेगाहर्ट्झपर्यंत पोहोचते. १९ पट गेन पुरत असेल तर जरूर असंच करा, दुसऱ्या ट्रान्झिस्टरची गरज नाही. पण १८८ हवा असेल तर अशा दोन स्टेज एकापुढे एक जोडाव्या लागतील, दुप्पट करंट लागेल आणि प्रत्येक स्टेज आपापला वाटा बँडविड्थमधून कापेल. कॅसकोडमध्ये दुसरा ट्रान्झिस्टर पहिल्याचाच करंट वापरतो. मला हा त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

## प्रयोगशाळेत फरक का दिसत नाही?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. त्याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही सर्किटच्या बाहेर आहेत.

पहिलं फंक्शन जनरेटर. त्याचा आउटपुट रेझिस्टन्स ५० ओहम असतो. वरच्या हिशोबातल्या १ किलोओहमच्या जागी ५० ओहम घाला. कॉमन-एमिटरला इनपुटचे ५०६ नॅनोसेकंद उरतात फक्त ३०. मिलरचे ५६७ पिकोफॅरड तिथेच आहेत, पण जनरेटर ते चुटकीसरशी भरतो. एकूण ४४ नॅनोसेकंद, म्हणजे ३.६ मेगाहर्ट्झ. कॅसकोडला ९. ट्रान्झिस्टरच्या बेसच्या आतही थोडा रेझिस्टन्स असतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे याहून खाली येतात, पण सांगायचा मुद्दा असा की दहापटीचा फरक अडीचपटीवर आला. पाच मिलिव्होल्टचा सिग्नल मिळवण्यासाठी जनरेटरपुढे १० किलोओहम आणि १०० ओहमचं विभाजन लावतात, तिथेही उगम १०० ओहमचाच राहतो. मिलरचा त्रास पाहायचा असेल तर त्यापुढे बेसच्या वाटेत १ किलोओहमचा रेझिस्टर मुद्दाम घालावा लागतो.

दुसरं कारण प्रोब. स्कोपचा प्रोब दहापटीच्या खटक्यावर असेल तर तो सर्किटला साधारण १२ पिकोफॅरड लावतो, आणि एकपटीच्या खटक्यावर सुमारे १००. हे थेट आउटपुटवर, ४.७ किलोओहमच्या समोर येतात. एकपटीवर ४७० नॅनोसेकंदांची भर पडते. १ किलोओहम उगम धरून कॅसकोडचे ५३ चे ५२३ होतात आणि बँडविड्थ ३ मेगाहर्ट्झवरून ३०० किलोहर्ट्झवर कोसळते. साध्या स्टेजची होते १६० किलोहर्ट्झ. दोन्ही वाईट, आणि दोषी दोन्हीकडे प्रोबच. खटका दहापटीवर नेला तरी ५६ नॅनोसेकंद लागतातच, कॅसकोड १.५ मेगाहर्ट्झच्या खाली अडकतो. खरी बँडविड्थ पाहायची असेल तर आउटपुटनंतर एक एमिटर फॉलोअर लावा आणि प्रोब त्याच्यावर ठेवा.

या दोन कारणांतूनच कॅसकोड कुठे वापरावा हेही कळतं. उगमाचा रेझिस्टन्स मोठा आणि आउटपुटवरचं ओझं हलकं, तिथे तो शोभतो. उलट परिस्थितीत तो जवळजवळ वाया जातो.

ब्रेडबोर्डचीही एक गंमत सांगतो. बीसी५४७चे पाय कलेक्टर, बेस, एमिटर अशा ओळीत येतात, म्हणजे कलेक्टर आणि बेस शेजारशेजारच्या पट्ट्यांत बसतात. दोन पट्ट्यांमध्ये स्वतःचे एक-दोन पिकोफॅरड असतात. २ धरले तर ३ चे ५ झाले आणि साध्या स्टेजमध्ये मिलर त्यांनाही १८९ ने गुणतो. बँडविड्थ ३०६ वरून १९० किलोहर्ट्झच्या घरात येते. कॅसकोडचं नुकसान कमी होतं, ३ वरून सुमारे २.४ मेगाहर्ट्झ.

## बिघाड ओळखायचा तर मधला बिंदू पाहा

कॅसकोड बांधला, गेन बरोबर आला, पण बँडविड्थ वाढली नाही, अशा वेळी पहिल्याचा कलेक्टर आणि दुसऱ्याचा एमिटर जिथे मिळतात तो बिंदू तपासा. फ्रिक्वेन्सी १० किलोहर्ट्झसारखी कमी ठेवा, म्हणजे प्रोब एकपटीवर असला तरी चालेल. तिथला सिग्नल पहिल्याच्या बेसवरच्या सिग्नलएवढाच आणि उलटा दिसायला हवा. तो चार-पाच पट दिसला तर दुसऱ्याचा बेस स्थिर नाही: कपॅसिटर लावायचा राहिला आहे, सैल आहे किंवा बायसच्या रेझिस्टरांपलीकडे भलतीकडेच लावला आहे. हा दोष फसवा असतो, कारण मधल्या फ्रिक्वेन्सीला एकूण गेन जवळपास ठीकच दिसतो. करंट तर वर पोहोचतोच आहे. बिघडते ती फक्त बँडविड्थ. ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर अगदी बेसच्या पायाजवळ लावावा, आणि ऑडिओपर्यंत खाली यायचं असेल तर त्याच्या जोडीला १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक.

उलटही होतं. आउटपुटची रेघ स्कोपवर जाड, धूसर दिसते आणि हात जवळ नेला की बदलते. दुसरा ट्रान्झिस्टर फार वरच्या फ्रिक्वेन्सीला आपणहून थरथरतो आहे, असं समजावं. त्याच्या बेसच्या पायात, कपॅसिटर आणि बेसच्या मध्ये, ४७ ते १०० ओहमचा रेझिस्टर घातला की बहुधा शांत होतो.

## किंमत व्होल्टेजमध्ये मोजावी लागते

दोन ट्रान्झिस्टर एकावर एक म्हणजे दोघांनाही जगायला व्होल्टेज हवं. आपल्या सर्किटमध्ये पहिल्याचा एमिटर १ व्होल्टवर आहे. दुसऱ्याचा बेस ३.७ वर ठेवला तर मधला बिंदू ३ वर येतो आणि पहिल्याला २ व्होल्ट मिळतात. आउटपुट विश्रांतीला ७.३ वर असतं. साध्या स्टेजमध्ये ते तिथून जवळजवळ १.२ पर्यंत खाली उतरू शकतं, कॅसकोडमध्ये ३.२ लाच तळ लागतो. १२ व्होल्टवर हे सहज खपतं, कारण वरच्या बाजूला तसेही ४.७ व्होल्टच आहेत. मधला बिंदू आणखी खाली आणून जागा वाचवायचा मोह होतो, पण पहिल्याचं व्होल्टेज कमी केलं की त्याचा बेस-कलेक्टर कपॅसिटन्स वाढतो. तो दोननेच गुणला जात असल्याने थोडा वाढला तरी चालतो. मात्र पहिला सॅच्युरेशनमध्ये गेला तर सर्किटच बंद पडतं.

५ व्होल्टवर हीच ओढाताण खरी होते. तिथे कलेक्टरचा रेझिस्टर निम्मा करावा लागतो, गेनही निम्मा होतो, आणि हलायला उरते दीडेक व्होल्टची जागा. म्हणून कमी सप्लायच्या आयसींमध्ये दुसरा ट्रान्झिस्टर पहिल्याच्या डोक्यावर न ठेवता उलट जातीचा, म्हणजे एनपीएनला पीएनपी, असा घेऊन करंट खाली वळवतात. या मांडणीला फोल्डेड कॅसकोड म्हणतात. तिच्यात पहिल्याचा गेन पूर्वीसारखाच छोटा राहतो, मिलर तसाच आटोक्यात राहतो आणि आउटपुटला खालपर्यंत उतरता येतं. बदल्यात दुसऱ्या ट्रान्झिस्टरला स्वतःचा वेगळा करंट द्यावा लागतो.